‘×’ म्हणजे सम नव्हे

प्रश्न : मी तीस वर्षे पेटी वाजवतो, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गनवरही बसतो. यंदा भाच्यानं गिटार आणली आणि सोबतचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. त्यात उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटी आहेत, वर ‘×’ आणि ‘०’, आत आकडे. आमच्याकडे ‘×’ म्हणजे सम आणि ‘०’ म्हणजे खाली. इथे मात्र काहीच जुळत नाही. आकडेही बोटांचे असावेत असं वाटलं, पण अंगठा कुठे गेला?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव

तुमची अडचण नवशिक्याची नाही, जाणकाराची आहे. ज्याला भातखंडे स्वरलिपी ठाऊक नाही, त्याला ‘×’ पाहून काहीच आठवत नाही. तुम्हाला सम आठवते, म्हणून गोंधळ होतो. या चौकटीत तालाचा संबंधच नसतो हे आधी मनाशी पक्कं करा. ती डाव्या हाताचं एका क्षणाचं चित्र दाखवते. किती वेळ धरायचं, कधी सोडायचं, कितीदा छेडायचं, यातलं काहीही ती सांगत नाही.

गिटार भिंतीला टेकवून उभी केली, तारा तुमच्याकडे आणि डोकं वर, की जे दिसतं ते म्हणजे ही चौकट. उभ्या सहा रेघा म्हणजे सहा तारा. सर्वांत डावीकडची सहावी, म्हणजे सर्वांत जाड, आणि उजवीकडची पहिली, म्हणजे सर्वांत बारीक. आडव्या रेघा म्हणजे फ्रेट. सतारवाले ज्यांना पडदे म्हणतात तेच, फक्त इथे ते पक्के ठोकलेले असतात. सर्वांत वरची जाड रेघ म्हणजे नट, म्हणजे जिथून तारा फ्रेटबोर्डावर उतरतात ती पट्टी. पुस्तकात `C` असं नाव असलेली चौकट आकड्यांनी लिहिली तर अशी दिसते:

```
x     0   0
6 5 4 3 2 1
===========
| | | | 1 |
| | 2 | | |
| 3 | | | |
```

वरच्या ओळीतली फुली म्हणजे ती तार वाजवायची नाही. शून्य म्हणजे तार मोकळी वाजवायची, बोट न लावता. ज्या तारेवर यातलं काहीच नाही, तिच्यावर खाली कुठेतरी बोट आहे. म्हणजे इथे सहावी तार गप्प, तिसरी आणि पहिली मोकळी, बाकी तिघींवर बोटं. छापील चौकटीत आकडा काळ्या ठिपक्यात असतो, कधी ठिपके कोरे ठेवून बोटांचे आकडे चौकटीखाली दिलेले असतात.

आता अंगठा. पेटीच्या आणि कीबोर्डच्या शिकवणीत अंगठ्याला एक मानतात, तर्जनीला दोन. गिटारवर डावा अंगठा मानेच्या मागे असतो, तारांवर येतच नाही, म्हणून मोजणी तर्जनीपासून सुरू होते: तर्जनी एक, मधलं बोट दोन, अनामिका तीन, करंगळी चार. पेटीची सवय असलेला माणूस ‘२’ पाहून तर्जनी टेकवतो आणि सगळा हात एका बोटानं सरकतो. क्वचित अंगठा वळवून सहावी तार दाबतात. तेव्हा तिथे `T` छापतात.

पण खरी फसगत वेगळीच आहे, आणि ती या सी कॉर्डमुळेच होते. नीट पाहा: पहिल्या फ्रेटवर पहिलं बोट, दुसऱ्यावर दुसरं, तिसऱ्यावर तिसरं. बोटाचा आकडा आणि फ्रेटचा आकडा योगायोगानं सारखा आला आहे. बहुतेक पुस्तकांत सी सुरुवातीच्या पानांवरच असते, आणि शिकणारा बिनधास्त समजून चालतो की आकडा म्हणजे फ्रेट. आठवडाभर त्याचं काही बिघडत नाही. मग ए मायनर येते:

```
x 0       0
6 5 4 3 2 1
===========
| | | | 1 |
| | 2 3 | |
| | | | | |
```

इथे तिसऱ्या तारेवरचा ‘३’ दुसऱ्या फ्रेटच्या घरात आहे. आकडा फ्रेटचा समजणारा मुलगा तिथे तिसरं फ्रेट दाबतो. तुमच्या कानाला ही चूक लगेच कळेल. ए मायनर म्हणजे पांढरी सहा, पांढरी एक आणि पांढरी तीन. चुकीच्या जागी बोट पडलं की यात काळी पाच येते, आणि ती पांढरी सहाला अगदी खेटून असल्यामुळे कॉर्ड कडवट होते. भाच्याची ए मायनर अशी वाजत असेल तर तारा जुळवायला घेऊ नका, आधी त्याचं तिसरं बोट कोणत्या घरात आहे ते पाहा. लक्षात ठेवायचं एवढंच की चौकटीत जागा सांगते फ्रेट, आकडा सांगतो बोट.

ठिपका दोन रेघांच्या मध्ये, घराच्या बरोब्बर मधोमध छापलेला असतो. हा छपाईचा देखणेपणा आहे. बोट मधोमध ठेवू नका. ते पुढच्या, म्हणजे गिटारच्या पोटाकडच्या, फ्रेटच्या पट्टीला जवळजवळ लागून हवं, पण पट्टीवर नको. मध्ये ठेवलं तर जास्त जोर लागतो आणि तार झणझणते. पट्टीवर ठेवलं तर आवाज बसतो. बोट बसलं की नाही हे कळायला कॉर्ड एकदम छेडू नका, पाचव्या तारेपासून एकेक तार सुटी वाजवा. सीमध्ये बहुधा पहिली तार मुकी निघते. कारण दुसऱ्या तारेवरची तर्जनी आडवी पडून खालच्या तारेला टेकलेली असते. बोटाचं शेवटचं पेर उभं केलं की ती मोकळी होते.

फुलीबद्दल एक बारीक गोष्ट. सीमध्ये सहाव्या तारेवर फुली आहे म्हणून ती वाजलीच तर बेसूर होईल असं नाही. ती पांढरी तीनच आहे, म्हणजे या कॉर्डमधलाच स्वर. पण खर्जात सर्वांत खाली पांढरी एकऐवजी तीन बसते आणि कॉर्ड जड, गढूळ वाटू लागते. मुरलेले वादक अनामिकेचं टोक किंचित पुढे काढून सहाव्या तारेला नुसतं टेकवतात. मग छेडताना हात चुकला तरी ती बोलत नाही.

प्रश्न : चौकट समजली, पण टॅब उलटी वाटते. त्यात सर्वांत बारीक तार वर आणि जाड खाली लिहितात. मी गिटार धरते तेव्हा जाड तार वर असते. हे कुणी ठरवलं?
— एक वाचक, तिरोडा

टॅबमध्ये आडव्या सहा रेघा असतात आणि रेघेवरचा आकडा हा बोटाचा नसून फ्रेटचा असतो. वरच्या उत्तरात आकडा बोटाचा होता, इथे नेमकं उलट. मघाची ए मायनर चौकटीत २-३-१ दिसते, टॅबमध्ये २-२-१. ही गोष्ट आधी सांगून टाकली, कारण एकाच पानावर दोन्ही छापलेली असतात.

वरची रेघ म्हणजे पहिली, बारीक तार. डावीकडे तारांची नावं लिहिलेली असतात: वरून खाली `e B G D A E`. वरचा `e` लहान लिपीत, खालचा मोठ्या. दोन्ही पांढरी तीनच, पण दोन सप्तकांच्या अंतरानं. मधल्या चौघी वरून खाली पांढरी सात, पाच, दोन आणि सहा.

उलटं का वाटतं? कारण तुम्ही कागदाला आरशासारखं बघता. गिटार मांडीवर पालथी न ठेवता तोंड वर करून आडवी ठेवा, मान डाव्या हाताला. आता जाड तार तुमच्या पोटाजवळ आणि बारीक तार लांब आहे. समोर ठेवलेल्या कागदाचीही खालची कडा तुमच्याजवळ आणि वरची कडा लांब असते. दोन्ही जुळलं. शिवाय उंच स्वर वर आणि खर्ज खाली, हे पाश्चात्त्य स्वरलेखनाचं मूळ वळणही यात सांभाळलं जातं.

पण तुमची तक्रार निराधार नाही, आणि ती पाचशे वर्षांची जुनी आहे. गिटारच्या पूर्वजांपैकी एक म्हणजे स्पेनमधला विह्वेला. त्याच्यासाठी लुईस दे मिलान यानं व्हॅलेन्सियात १५३६ मध्ये ‘एल माएस्त्रो’ हे पुस्तक छापलं. त्यानं बारीक तार सर्वांत वरच्या रेघेवर घेतली, आजच्यासारखीच. दोनच वर्षांनी, १५३८ मध्ये, लुईस दे नार्वाएझचं पुस्तक आलं. त्यात वरची रेघ जाड तारेची होती, म्हणजे तुम्हाला हवी तशी. इटलीतल्या ल्यूटवाल्यांचीही हीच रीत होती. एकाच वाद्याची, एकाच देशातली, दोन वर्षांच्या अंतरातली पुस्तकं एकमेकांच्या उलट! मिलानची रीत शेवटी टिकली असं पाहून वाटतं खरं, पण तेव्हा मात्र बहुतेकांनी दुसरी उचलली होती.

या उलटेपणाचा त्रास एकाच ठिकाणी खरोखर होतो, तो म्हणजे बाण. खालच्या दिशेनं छेडायचा हात, म्हणजे जमिनीकडे जाणारा, जाड तारेपासून बारीक तारेकडे जातो. टॅबवर जाड तार खाली आहे, म्हणून छापील टॅबमध्ये हा फटका वर तोंड असलेल्या बाणानं दाखवतात. कॉर्डच्या साध्या कागदावर मात्र, जिथे गाण्याच्या शब्दांवर नुसते बाण दिलेले असतात, तिथे खाली तोंड असलेला बाण म्हणजे खालचा फटका. बाण सहा रेघांच्या आत आहे की बाहेर, हे आधी पाहायचं. हा घोळ टाळायला चांगले प्रकाशक बाण वापरतच नाहीत. ते व्हायोलिनच्या गजाच्या खुणा घेतात: `⊓` म्हणजे खाली, `V` म्हणजे वर. `V` चं टोक खाली दिसतं आणि तरी तो वरचा फटका असतो. याला इलाज नाही, पाठच करायचं. कुठे `D` आणि `U` अशी अक्षरंही भेटतात. ती सुटी, ओळीत एकामागून एक असतील तर फटके. गाण्याच्या शब्दावर एकटं `D` असेल तर ती डी कॉर्ड.

प्रश्न : मी तबला वाजवतो. मित्रानं फोनवर एक टॅब दाखवली. आकडे कुठे वाजवायचे ते कळतं, पण मात्राच नाहीत! याला लेखन तरी कसं म्हणायचं? मात्रा कुठे वाचायच्या?
— एक वाचक, आमगाव

फोनवर फिरणारी, टंकलेल्या रेघांची टॅब बहुतेक वेळा तालाविना असते. तो टॅबचा दोष नाही, टंकण्याचा आहे. मिलानच्या पुस्तकात आकड्यांच्या वर मात्रांच्या खुणा छापलेल्या आहेत. साध्या टंकलेखनात त्या खुणांना जागाच नव्हती, म्हणून त्या गळाल्या आणि ‘गाणं ऐका, लय कळेल’ असं गृहीत धरलं गेलं. आकड्यांमधलं अंतर थोडासा अंदाज देतं, पण टंकणाऱ्यानं ते कितपत सांभाळलं असेल यावर भरवसा ठेवू नये.

छापील टॅबमध्ये खुणा असतात आणि त्या तुम्हाला परक्या वाटणार नाहीत. आकड्याखाली एक उभी काडी असेल तर तो स्वर एक ठोका. काडीला एक शेपूट असेल तर अर्धा ठोका, दोन शेपट्या असतील तर पाव. शेजारशेजारचे असे स्वर आले की शेपट्यांऐवजी एकच आडवी पट्टी काड्यांना जोडते. भातखंडे पद्धतीत एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली जी चंद्रकोर काढतात, तिचं काम इथे ही पट्टी करते. आणि इथेच सावध राहा, कारण टॅबमध्येही चंद्रकोर असते, पण तिचा अर्थ वेगळा. दोन सारख्या आकड्यांना जोडणारी कोर म्हणजे दुसरा वाजवायचा नाही, पहिलाच लांबवायचा, तुमच्याकडचा अवग्रह. दोन वेगळ्या आकड्यांना जोडणारी कोर म्हणजे दुसरा स्वर उजव्या हातानं न छेडता डाव्या हाताच्या बोटानंच काढायचा. आकड्याशेजारचं टिंब म्हणजे दीडपट.

आता दादऱ्यावर एक उदाहरण घेऊ, म्हणजे तुमचं बोट कागदावर राहील. मघाच्या दोन चौकटी, सी आणि ए मायनर, प्रत्येकी एक आवर्तन:

```
   1 2 3 4 5 6   1 2 3 4 5 6
e|-------0-----|-------0-----|
B|-----1---1---|-----1---1---|
G|---0-------0-|---2-------2-|
D|-------------|-------------|
A|-3-----------|-0-----------|
E|-------------|-------------|
   p i m a m i   p i m a m i
```

वरचे आकडे मी तुमच्यासाठी मात्रांचे घातले आहेत. खालची अक्षरं उजव्या हाताची: `p` अंगठा, `i` तर्जनी, `m` मधलं बोट, `a` अनामिका. ही स्पॅनिश नावांची आद्याक्षरं आहेत. डाव्या हाताला आकडे दिले म्हणून उजव्याला अक्षरं, एवढंच कारण. अंगठ्याचा खर्ज फक्त समेवर येतो. मग स्वर एकेक तार बारीक तारेकडे चढतात, चौथ्या मात्रेवर, म्हणजे तुमच्या खालीवर, अनामिका सर्वांत बारीक तार उचलते, आणि तिथून परत उतरतात. ‘धा धिं ना, धा तिं ना’ मोठ्यानं म्हणत वाजवा. दुसऱ्या ‘धा’ला अनामिका आली तर बरोबर. ‘तिं’ला आली तर मध्ये कुठेतरी एक स्वर जास्त वाजला आहे.

छापील टॅबमध्ये या बारा आकड्यांखाली प्रत्येकी एक शेपटीची काडी असेल आणि सुरुवातीला ६/८ असं लिहिलेलं असेल. पट्टी तीन-तीन काड्या जोडेल. हेच सहा आकडे, हेच फ्रेट, हीच बोटं ठेवून जर ३/४ लिहिलं, तर पट्टी दोन-दोन काड्या जोडते. दोन्हीत सहाच स्वर आणि वेळही तेवढाच. पण पहिल्यात वजन १ आणि ४ वर पडतं, दुसऱ्यात १, ३ आणि ५ वर. पहिलं वाजवलं तर तुमचा ठेका नीट बसतो. दुसरं वाजवलं तर खालीवर काहीच घडत नाही, आणि तुम्ही म्हणाल गिटारवाला तालात नाही, तो म्हणेल मी तर लिहिलंय तसंच वाजवतोय. दोघंही खरं बोलत असता. म्हणून गिटारवाल्यासोबत दादरा धरण्याआधी त्याच्या कागदावर पट्टी किती काड्यांना जोडते ते एकदा डोळ्यांनी पाहा. फोनवरच्या टॅबमध्ये नेमकी हीच पट्टी नसते.

लयीच्या आकड्यातही असाच फरक पडतो. ६/८ मध्ये ठोका तीन स्वरांचा धरतात आणि तो टिंब असलेल्या काडीनं लिहितात. त्यापुढे ५० असेल तर मिनिटाला पन्नास ठोके, म्हणजे तुमच्या हिशेबानं मिनिटाला दीडशे मात्रा. यंत्रावर ५० लावून एकेका मात्रेला एक टकटक धरलीत तर गाणं तिप्पट संथ होईल.

आता कागदावर न दिसणारी गोष्ट. सीवरून ए मायनरवर जाताना दोन चौकटी शेजारी ठेवून पाहा: तर्जनी आणि मधलं बोट दोन्हीकडे त्याच जागी आहेत. हलते फक्त अनामिका, पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर. टॅब हे सांगत नाही, कारण तिला बोटं ठाऊक नाहीत. चौकट सांगते, पण कधी ते सांगत नाही. दोन्ही एकत्र वाचल्या की वेळही सापडतो. पहिल्या आवर्तनाच्या सहाव्या मात्रेपर्यंत पाचवी तार दाबलेली हवी, म्हणजे खर्ज घुमत राहतो. पुढच्या समेला तीच तार मोकळी हवी, म्हणजे तोवर अनामिका उचललेली हवी. आणि तिसऱ्या तारेचं दुसरं फ्रेट लागतं त्या आवर्तनाच्या दुसऱ्या मात्रेला. म्हणजे उचलण्यापासून टेकण्यापर्यंत एक अख्खी मात्रा हातात आहे. शिकणारे ती वापरत नाहीत. पाचव्या मात्रेलाच घाईनं बोट उचलतात आणि खर्ज मध्येच तुटतो. उलट उशीर झाला तर समेला पांढरी सहाऐवजी पुन्हा पांढरी एकच ऐकू येते, जणू कॉर्ड बदललीच नाही. या दोनपैकी कोणतं घडतंय हे तबल्यावर बसून तुम्हाला सहज कळेल.

(चौथ्या तारेची रेघ दोन्ही आवर्तनांत रिकामी आहे. म्हणजे डाव्या हाताचं मधलं बोट इथे काहीच वाजवत नाही. तरी ते जागेवर ठेवायला सांगतात, कारण चुकून ती तार लागली तर ती कॉर्डमधलीच निघावी.)

शेवटी केरव्याबद्दल, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार. कॉर्ड छेडण्याचा सर्वांत चालणारा नमुना असा लिहितात:

```
1  2  3  4  5  6  7  8
1  &  2  &  3  &  4  &
D  -  D  U  -  U  D  U
```

वरची ओळ तुमच्या आठ मात्रा, दुसरी गिटारवाल्याची मोजणी. उजवा हात सतत खाली-वर हलत राहतो: विषम आकड्याच्या मात्रेला खाली, सम आकड्याच्या मात्रेला वर. आडवी रेघ म्हणजे हात थांबवायचा नाही, फक्त तारांना न लागता जाऊ द्यायचा. आता पाचवी मात्रा पाहा. केरव्यात तिथे खाली आहे, ‘न क धि न’चा पहिला ‘न’, आणि या नमुन्यात नेमका तिथेच फटका गाळलेला आहे. तबल्यावर खालीला डग्ग्याची गुंज जाते, इथे सगळी कॉर्डच गप्प होते. म्हणून हा नमुना केरव्यावर इतका सहज बसतो. नवशिका मात्र तिथे हात थांबवतो आणि सहाव्या मात्रेचा वरचा फटका खालच्या दिशेनं मारतो. कान न लावता नुसतं मनगटाकडे पाहिलं तरी ही चूक दिसते.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात गाणारा काळी एकमध्ये गातो. पुस्तकात सी आहे, पण काळी एकची कॉर्ड चौकटीत फार अवघड दिसते. मग पुस्तकाचा काय उपयोग?
— एक वाचक, गोंदिया

ती अवघड दिसते कारण तिच्यात मोकळी तार नाही. तर्जनी आडवी टाकून अनेक तारा एकदम दाबाव्या लागतात. चौकटीत ती आडवी पट्टी किंवा कमान म्हणून दिसते, आणि डावीकडे `4fr` असं काही लिहिलेलं असेल तर चौकट नटापासून सुरू होत नाही, वरची ओळ चौथ्या फ्रेटची आहे. अशा चौकटीत वरची जाड रेघ नसते, हीच ओळखायची खूण.

भजनाला इतकं करायची गरज नाही. कॅपो घ्या. तो फ्रेटबोर्डावर आवळायचा चिमटा आहे, सगळ्या तारा एकदम दाबतो. पहिल्या फ्रेटवर लावला की सीची चौकट तशीच धरून काळी एक वाजते. दुसऱ्यावर लावला की पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन. कॅपो पट्टीला लागून बसवा, घराच्या मध्ये नको, नाहीतर तारा ओढल्या जाऊन सगळीच कॉर्ड पेटीपेक्षा किंचित चढी लागते. लावल्यावर पेटीशी एकदा सूर मिळवून पाहा.

कॅपो लावल्यावर चौकटीतलं शून्य म्हणजे कॅपोपासूनची मोकळी तार, आणि टॅबमधला प्रत्येक आकडा कॅपोपासून मोजायचा. पानाच्या माथ्यावर `Capo 1` लिहिलेलं असेल तर टॅबमधला ३ म्हणजे गिटारचं चौथं फ्रेट. मानेवर जे ठिपके बसवलेले असतात, बहुतेक गिटारांवर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या फ्रेटला, ते मात्र जागचे हलत नाहीत. ठिपक्यावरून फ्रेट ओळखायची सवय असलेला वादक कॅपो लावल्यावर पहिल्या ओळीतच एक घर मागे पडतो, आणि काळी एकऐवजी गाणाऱ्याच्या कानात पांढरी एक येते.